सेरोटोनिन जेव्हा अती होतं

एस्सिटॅलोप्रामची १० मिलिग्रॅमची गोळी सुरू होऊन तीन आठवडे झाले आहेत. झोप थोडी सुधारली, पण सकाळी उठावंसं वाटत नाही, कशात मन रमत नाही. डॉक्टरांनी अजून काही आठवडे धीर धरायला सांगितलं आहे. अशा वेळी मोबाइलवर ‘मूड’साठीची एक कॅप्सूल दिसते. ती बियांपासून काढलेली असते आणि चिठ्ठीशिवाय घरपोच मिळते. वाटतं, नैसर्गिकच आहे, सोबत घेतली तर काय बिघडणार? बिघडू शकतं, आणि ते का हे समजून घ्यायला शरीरात सेरोटोनिन कसं तयार होतं ते पाहावं लागेल.

दूध, डाळी, अंडी यांतल्या प्रथिनांतून आपल्याला ट्रिप्टोफॅन मिळतं. शरीर त्याचं आधी हायड्रॉक्सिट्रिप्टोफॅन करतं, म्हणजे डबीवर ‘5-HTP’ लिहिलेला पदार्थ, आणि मग त्याचं सेरोटोनिन. यातली पहिली पायरी सर्वांत संथ असते. एक एन्झाइम ती सांभाळतं आणि सेरोटोनिन किती बनावं, हे बरंचसं तिथेच ठरतं. कालव्याच्या तोंडाशी असलेल्या दरवाजासारखी ही जागा आहे. बाहेरून घेतलेलं हायड्रॉक्सिट्रिप्टोफॅन त्या दरवाजाच्या पुढे थेट कालव्यात पाणी ओततं. पश्चिम आफ्रिकेतल्या ग्रिफोनिया नावाच्या वेलीच्या बियांतून ते काढतात. ते मेंदूत सहज शिरतं आणि पुढची पायरी झटपट उरकते. बरंचसं आतड्यातच सेरोटोनिन होऊन जातं, म्हणून अनेकांना मळमळ आणि जुलाब होतात.

एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही औषधं दुसऱ्या टोकाला काम करतात. चेतापेशीने सोडलेलं सेरोटोनिन तीच पेशी परत शोषून घेते, आणि ही औषधं ते शोषण अडवतात. थोडक्यात, ती कालव्याचा निचरा कमी करतात. डॉक्टर डोस हळूहळू वाढवतात, कारण शरीराला या नव्या पातळीशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. त्यात वरून पाणी ओतलं तर हिशेब कुणाच्याच हातात राहत नाही.

हायड्रॉक्सिट्रिप्टोफॅनने उदासी खरोखर कमी होते का? २००२ साली कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात शंभराहून अधिक अभ्यास तपासले गेले. त्यांतले फक्त दोन निकषांना उतरले आणि त्या दोन्हींत मिळून ६४ रुग्ण होते. प्लासिबोपेक्षा फायदा दिसला, पण एवढ्या थोड्या माणसांवरून निष्कर्ष काढता येत नाही, असं आढावाकारांनीच नोंदवलं.

सॅम-ई, म्हणजेच अडेमेटिओनिन, याची गोष्ट वेगळी आहे. हा रेणू आपल्या प्रत्येक पेशीत असतो आणि मेंदूतली अनेक रसायनं बनवायला मदत करतो. अमेरिकेत तो पूरक आहार म्हणून विकला जातो. आपल्याकडे यकृतात पित्त साचण्याच्या त्रासावर डॉक्टर अडेमेटिओनिनच्या गोळ्या लिहून देतात. त्यामुळे ‘मी मूडसाठी काहीच घेत नाही’ असं प्रामाणिकपणे सांगणाऱ्याच्या पोटातही तो जात असू शकतो. २०१० साली अमेरिकेत ७३ रुग्णांवर एक चाचणी झाली. नेहमीच्या औषधाने बरं न वाटलेल्या या लोकांपैकी काहींना त्याच औषधासोबत दिवसाला १६०० मिलिग्रॅमपर्यंत सॅम-ई दिलं गेलं. प्लासिबोच्या गटात साधारण १८ टक्के लोकांना पुरेसा फरक पडला, तर सॅम-ईच्या गटात ३६ टक्क्यांना. पण चाचणी लहान होती आणि सहा आठवड्यांची होती. शिवाय तिथे प्रत्येक रुग्णावर डॉक्टरांची नजर होती.

काळजीपूर्वक निवडलेल्या रुग्णांत हे जमू शकतं, पण नेहमीच जमेल असं नाही. १९९३ साली एका मानसोपचार नियतकालिकात सत्तरी ओलांडलेल्या एका स्त्रीची नोंद आली. तिला सॅम-ईची इंजेक्शनं आणि क्लोमिप्रामिन हे अँटिडिप्रेसंट एकत्र चालू होतं. क्लोमिप्रामिनचा डोस दिवसाला २५ मिलिग्रॅम होता तोवर काही झालं नाही. तो ७५ वर नेल्यावर दोन-तीन दिवसांत ती अस्वस्थ झाली, तिला भ्रम होऊ लागला. मग जुलाब, दरदरून घाम, थरथर, स्नायूंचे झटके आणि प्रचंड ताप आला. या अवस्थेला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात. अशा नोंदी मोजक्या आहेत आणि एका नोंदीवरून धोका किती, हे सांगता येत नाही. पण तिच्यातला क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. जोडी आधी निभावली होती, डोस वाढल्यावर बिघडली. ‘महिनाभर घेतोय, काही झालं नाही’ या अनुभवावर विसंबता येत नाही, ते यासाठी.

हा त्रास ओळखायचा कसा? तो सहसा नवी गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही तासांत सुरू होतो, बहुतेकदा एका दिवसाच्या आत. सुरुवातीला हात थरथरतात, छातीत धडधडतं, घाम येतो, पोट बिघडतं, जागेवर बसवत नाही. चिंतेच्या झटक्यातही हे सगळं होतं, म्हणून गफलत होते. खरा फरक पायांत दिसतो. डॉक्टर पायाचा पंजा झटकन वर ढकलतात, तेव्हा घोटा आपोआप लयीत उडत राहतो. याला क्लोनस म्हणतात. गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय नेहमीपेक्षा जोरात उडतो. बुबुळंही इकडून तिकडे हलत राहू शकतात. रक्ताची कुठलीही एक तपासणी याचं निदान करत नाही. शरीराची तपासणी आणि ‘गेल्या काही दिवसांत काय काय घेतलं’ या प्रश्नाचं खरं उत्तर, यांवरच ते ठरतं.

अंग कडक होत असेल, ताप चढत असेल किंवा माणूस बरळत असेल तर तातडीने रुग्णालयात न्यायला हवं. डब्या आणि गोळ्यांची पाकिटं सोबत घ्यावीत. घरी पॅरासिटामॉल देत बसू नये. हा ताप सतत आखडणाऱ्या स्नायूंच्या उष्णतेचा असतो, त्यावर तापाची गोळी चालत नाही. रुग्णालयात संशयित औषधं थांबवतात, सलाइन देतात, स्नायू सैल करणारी औषधं देतात आणि अंग थंड करतात. गरज पडल्यास सायप्रोहेप्टाडिन देतात. भूक वाढवण्याच्या औषधांत आपल्याकडे ओळखीचं असलेलं हे द्रव्य सेरोटोनिनचे काही परिणाम रोखतं. बहुतेक रुग्ण वेळेत उपचार मिळाले तर एक-दोन दिवसांत सावरतात.

अँटिडिप्रेसंट आज बंद करून उद्यापासून कॅप्सूल घेणं हाही उपाय नाही. फ्लुओक्सेटिन शरीरातून पुरतं निघून जायला पाच आठवडेही लागू शकतात आणि कुठलंही अँटिडिप्रेसंट एकदम थांबवलं तर चक्कर, बेचैनी असे त्रास होतात. बायपोलर आजार असलेल्यांना सॅम-ईमुळे उन्मादाचा झटका येऊ शकतो, म्हणून त्यांनी ते स्वतःहून घेऊच नये. आणि ही कॅप्सूल घेत असाल तर मानसोपचारतज्ज्ञांशिवाय इतर डॉक्टरांनाही सांगा. दुखण्यासाठीचं ट्रॅमाडोल, खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि लिनेझोलिड हे अँटिबायोटिकही सेरोटोनिन वाढवतात. औषध लिहिणाऱ्याला कॅप्सूलची माहितीच नसेल, तर ही टक्कर त्याला टाळता येणार नाही.