तिन्ही ठोकळे ‘पास’, तरी अहवाल बाद

एम-२५ काँक्रीटच्या अहवालात आधी मिश्रणाचं प्रमाण असतं. समजा, एका घनमीटरला सिमेंट ३८० किलो आणि पाणी १७१ लिटर, म्हणजे पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४५. त्याखाली २८ दिवस झालेल्या तीन ठोकळ्यांचे आकडे येतात. ठोकळा १५० मिलिमीटरचा, म्हणून भार २२,५०० ने भागायचा. ७२०, ७३८ आणि ५६७ किलोन्यूटनला ते फुटले, तर ताकद अनुक्रमे ३२.०, ३२.८ आणि २५.२ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर.

तिन्ही पंचविसाच्या वर, सरासरी ३०. साइटवर पेढे वाटायला हरकत नाही! पण आयएस ४५६ नुसार प्रत्येक ठोकळा सरासरीच्या १५ टक्क्यांच्या आत हवा, म्हणजे इथे २५.५ ते ३४.५. तिसरा थोडक्यात बाहेर, म्हणून अख्खा नमुना बाद.

दोष काँक्रीटचाच असेल असं नाही. थापीने सारखी केलेली खडबडीत बाजू मशिनच्या पाट्याखाली आली, तरी ठोकळा लवकर फुटतो. तो फुटलेला पाहावा: चारही बाजू सारख्या सुटल्या असतील तर चाचणी ठीक, एकच कोपरा उडाला असेल, तर आकड्यावर विश्वास ठेवू नये.