तिसरा हिस्सा एकाच ग्राहकाकडून

समजा, पुण्यातल्या एका सल्लागार कंपनीची वार्षिक उलाढाल ९ कोटी आहे आणि त्यातले ३ कोटी एकाच कारखान्याकडून येतात. अशा ग्राहकाच्या आराखड्यात बहुतेक जण विक्री वाढवण्याचंच लिहितात. मी आधी विचारेन, हे ३ कोटी किती करारांत विभागलेत, ते कधी संपतात आणि तिकडे सही कोण करतं? चारपैकी तीन करार मार्चअखेर संपत असतील आणि तिन्हींवर एकाच अधिकाऱ्याची सही असेल, तर तो नोकरी सोडून गेला की सगळंच अडतं. म्हणून करारांच्या मुदती वेगवेगळ्या महिन्यांत न्याव्यात, वित्त आणि खरेदी विभागांतही ओळखी कराव्यात. बिलं रखडू लागली, बैठकीला कनिष्ठ माणसं येऊ लागली, तर ग्राहक दुरावतोय का ते लगेच विचारा.