लाल रेघेवरून गिरणी ओळखताना

जीन्सचा पाय उलटला की बाहेरच्या शिवणीत पांढरी किनार आणि तिच्यात लाल धागा दिसतो. अशा फोटोवरून अनेकजण ‘हे कोन मिल्सचं डेनिम’ म्हणून मोकळे होतात. अमेरिकेतल्या ग्रीन्सबरोची ही गिरणी लीवाईजसाठी लाल रेघ विणायची, हे खरं. पण जपानी गिरण्याही लाल रेघ घालतात, आणि कोनचा तिथला व्हाइट ओक कारखाना 2017च्या अखेरीस बंद झाला. बंद किनारीवरून धोट्याचा माग कळतो, गिरणी नाही. म्हणून फोटोत मोजपट्टी ठेवायला सांगा: अशा मागाचा पन्हा साधारण 28 ते 32 इंच असतो. वजन मात्र फोटोत दिसत नाही. त्यासाठी आधी तुकडा मागवून तोलावा.