दीडशे फुटांवरचा तेलाचा नळ

14 सप्टेंबर 2020 रोजी उत्तर अरबी समुद्रात भारतीय नौदलाच्या ‘तलवार’ या युद्धनौकेने अमेरिकेच्या ‘यूकॉन’ या तेलवाहू जहाजाकडून इंधन भरून घेतले. जवळ कुठलेही बंदर नव्हते आणि दोन्ही जहाजांनी नांगरही टाकला नव्हता. पाठोपाठ नव्हे, शेजारीशेजारी, साधारण दीडशे ते दोनशे फुटांचे अंतर राखून धावताना हा व्यवहार होतो. नौदलात याला ‘रास’ म्हणतात. महिनोन्‌महिने समुद्रात राहणारे ताफे याच्याच जोरावर राहतात. मुंबईच्या पश्चिम ताफ्यातले ‘दीपक’ हे जहाज मुख्यतः याच कामासाठी आहे. तासाला 1500 टन तेल देण्याची त्याची क्षमता आहे.

थांबून का नाही भरत, असा प्रश्न कुणालाही पडेल. पण थांबलेल्या जहाजाचे सुकाणू निकामी होते. पाणी त्यावरून वाहिले तरच ते जहाज वळवते. उभे जहाज लाटांना आडवे पडते आणि डोलू लागते. अशी दोन जहाजे शेजारी असली, तर ती एकमेकांवर आपटणारच. शिवाय युद्धात थांबलेले जहाज म्हणजे पाणबुडीला आयते सावज. म्हणून 12 ते 14 नॉट, म्हणजे ताशी 22 ते 26 किलोमीटर वेगाने दोघे पुढे जात राहतात.

तेलवाहू जहाजाचे काम ऐकायला सोपे आहे: दिशा आणि वेग बदलायचा नाही. सगळी कसरत घेणाऱ्याची. तो मागून थोड्या जास्त वेगाने येतो आणि बरोबरीला आल्यावर वेग जुळवतो. मग शिट्टी वाजते, डेकवरची माणसे आडोशाला जातात आणि बंदुकीतून एक बारीक दोरी पलीकडे झाडली जाते. तिच्या टोकाला जाड दोरी बांधलेली असते, तिच्या टोकाला आणखी जाड आणि शेवटी पोलादी तार. याखेरीज दोन्ही जहाजांच्या पुढच्या भागांमध्ये एक मोजदोरी धरलेली असते. तिच्यावर दर 20 फुटांवर वेगळ्या रंगाचा झेंडा असतो, त्यामुळे अंतर नुसत्या नजरेने कळते.

पोलादी तारेवर कप्प्यांना टांगलेला रबरी नळ झोके घेत पलीकडे सरकतो. जहाजे डोलली की तार सैल पडेल किंवा तुटेल, म्हणून तेलवाहू जहाजावरचे यंत्र ती सतत थोडी सोडते, थोडी ओढते. नळाच्या टोकाचा धातूचा दट्ट्या समोरच्या घंटेसारख्या तोंडात घुसून अडकला की तिथला छोटा दर्शक वर उठतो. तो दिसल्याशिवाय पंप सुरू करायचा नाही.

खरी परीक्षा इथून पुढे. दोन जहाजांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात पाणी वेगाने वाहते, तिथला दाब कमी होतो आणि जहाजे एकमेकांकडे ओढली जातात. वेग वाढवला की ही ओढ आणखी वाढते. सुकाणूवरचा खलाशी एकेका अंशाच्या हिशेबाने जहाज धरून ठेवतो. ओढ जाणवली म्हणून त्याने घाबरून सुकाणू जोरात बाहेर वळवले, तर पुढचे टोक लांब जाते, पण मागची बाजू त्याच झटक्यात आत येते. सुटायची घाईच धडक घडवते. फेब्रुवारी 2019 मध्ये अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्याजवळ ‘लेटी गल्फ’ ही क्रूझर आणि ‘रॉबर्ट ई. पिअरी’ हे रसदवाहू जहाज यांच्या मागच्या बाजू रास चालू असताना एकमेकांना घासल्या. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही.

धान्य, भाजीपाला, सुटे भाग आणि दारूगोळा तारेवरून किंवा हेलिकॉप्टरखाली लोंबणाऱ्या जाळ्यांतून जातो. हेलिकॉप्टर असले की जहाजांना इतके जवळ यावे लागत नाही. तेलाला मात्र ती सोय नाही.

हे तंत्र नवे नाही. 1917 मध्ये ‘मॉमी’ या अमेरिकी तेलवाहू जहाजाने अटलांटिकमध्ये युरोपकडे निघालेल्या विनाशिकांना चालत्या स्थितीत इंधन दिले. त्या जहाजावरचा एक अधिकारी होता चेस्टर निमित्झ. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातल्या अमेरिकी ताफ्याची सूत्रे त्याच्याकडे आली, तेव्हा अफाट अंतरांवर ताफा चालवायला हीच युक्ती कामी आली.

बिघाड झालाच तर काय, याची तालीम आधीच झालेली असते. भोंगा तुटक-तुटक वाजतो, पंप बंद होतो, दट्ट्या सोडवला जातो, तार अडकवलेल्या आकड्यावर घाव पडतो आणि ती समुद्रात जाते. पण ही तालीम जोडणी झाल्यानंतरच्या संकटासाठी असते. 16 मे 2012 रोजी कॅलिफोर्नियाजवळ ‘एसेक्स’ ही नौका तेल घ्यायला जवळ येत असतानाच एका तेलवाहू जहाजाला धडकली. प्राथमिक माहितीत सुकाणूतला बिघाड सांगण्यात आला, पुढे ‘एसेक्स’च्या कप्तानाला पदावरून दूर करण्यात आले. माणसे बचावली, तेल सांडले नाही आणि दोन्ही जहाजे आपल्याच इंजिनांवर सॅन डिएगोला पोहोचली. धडक बसलेले ते तेलवाहू जहाज होते ‘यूकॉन’, आठ वर्षांनी ‘तलवार’ला तेल देणारे.