गुण कुठून येतात, कुठे फसवतात

फेब्रुवारी २०२४ मध्ये चर्चगेटच्या सीसीआयवर टेनिसची मुंबई ओपन जिंकताना दार्या सेमेनिस्तायाने सलग पाच सामने मारले. पदरात पडले क्रमवारीचे १२५ गुण. ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत दोनच सामने जिंकून तिसऱ्या फेरीत हरणाऱ्या महिलेला मिळतात १३०! गुण स्पर्धेच्या दर्जावर आणि गाठलेल्या फेरीवर ठरतात, समोर कोण होतं यावर नाही.

शिवाय ते ५२ आठवडेच टिकतात. वर्षभराने ते गळले, की खेळ तसाच असूनही क्रमांक घसरू शकतो. म्हणून टेनिसची यादी वाचताना पुढच्या महिन्यात कोणाचे किती गुण गळणार, हेही पाहावं.

फुटबॉलचं गणित वेगळं. २०१८ पासून फिफा दोन संघांच्या गुणांतल्या फरकावरून अपेक्षित निकाल काढते आणि प्रत्यक्ष निकालाशी त्याची तुलना करते. समजा, फरक २०० गुणांचा आहे. तर बलाढ्य संघाचा अपेक्षित आकडा ०.६८. फिफाच्या ठरलेल्या तारखांमधल्या मैत्रीपूर्ण लढतीचं वजन १०, म्हणून बलाढ्य संघ जिंकला तर त्याला जेमतेम ३.२ गुण, दुबळा जिंकला तर ६.८. विश्वचषक पात्रता सामन्याचं वजन २५, तिथे दुबळ्याला १७.

गोम अशी की, गोलफरक यात येतच नाही. जून २०१८ मध्ये अंधेरीत सुनील छेत्रीच्या हॅटट्रिकसह भारताने चायनीज तैपेईला ५-० लोळवलं. या सूत्रात १-० नेही तेवढेच गुण मिळाले असते. घरच्या मैदानाचा फायदाही हिशेबाबाहेरच.