अभिनंदनापुढचं एक वाक्य

मैत्रिणीने पहिल्या कथासंग्रहाचं मुखपृष्ठ पाठवलं, तेव्हा मी 'हार्दिक अभिनंदन' लिहून थांबणार होते. मग तिची दिवाळी अंकातली कथा आठवली: गिरणी बंद पडल्यावरही पहाटे भोंग्याच्या वेळेला उठून बसणारे आजोबा. लिहिलं, "त्या घरातल्या बायका पुस्तकात भेटतील ना? त्यांचं म्हणणं ऐकायचंय. प्रकाशनपूर्व सवलतीत माझी एक प्रत धर."

आपलं लिहिणं कुणी वाचतंय का, हीच नव्या लेखकाची धाकधूक असते. न वाचलेल्या पुस्तकाला 'अप्रतिम' म्हटलं की ते पोकळ वाटतं. आधी वाचलेलं काय लक्षात राहिलं आणि आता कशाची वाट पाहतोय, एवढं सांगावं. 'कादंबरी कधी?' हे आत्ताच विचारू नये.

तिचं उत्तर आलं, "चौथी कथा आजीचीच आहे."