काळ्या मण्यांचं वजन

लग्नसराईत दुपारी सराफाच्या पेढीवर उभं राहिलं की एक गोष्ट लगेच लक्षात येते. डाग निवडायला लोक दोन-दोन तास घेतात आणि बिल वाचायला दोन मिनिटंही देत नाहीत. गळ्याला लावून, आरशात पाहून, घरी फोटो पाठवून पसंती ठरते. मग काउंटरवरचा मुलगा गणकयंत्रावर बोटं फिरवतो, शेवटचा आकडा गिऱ्हाइकाकडे वळवून दाखवतो आणि घासाघीस होते ती त्या एका आकड्यावर. त्यातून हजार-दोन हजार कमी झाले की दोन्ही बाजू खूश.

अशाच एका काउंटरवर एक आई आणि तिची मुलगी मंगळसूत्र घेत होत्या. डाग काळ्या मण्यांचा, मध्ये वाट्या, बावीस कॅरेटचा. मंगळसूत्र हा बिल वाचायला शिकण्यासाठी सगळ्यात चांगला दागिना आहे, कारण त्यात सोनं आणि सोनं नसलेलं काही एकत्र ओवलेलं असतं. काच तराजूत चढते आणि सोन्याच्या भावाने विकली जाऊ शकते. आईने पक्कं बिल होण्याआधी कच्चा हिशेब कागदावर मागितला आणि चष्मा लावला.

तिने आधी रकमेकडे पाहिलंच नाही. डागाला दोऱ्याने बांधलेली छोटी चिठ्ठी उलटून पाहिली. तिच्यावर दोन वजनं होती : ढोबळ १८.६०० ग्रॅम, निव्वळ १५.२०० ग्रॅम. मधले ३.४०० ग्रॅम म्हणजे मणी आणि दोरा. “काट्यावर ठेवून दाखवा,” ती म्हणाली. काचेच्या पेटीतला काटा आधी शून्यावर आणला गेला, पंख्याचा वारा लागू नये म्हणून पेटीचं दार लावलं गेलं आणि आकडा १८.६०० वर थांबला. मग तिने तसल्याच मण्यांची सुटी सर मागवली, तेवढ्याच लांबीची, आणि तीही काट्यावर ठेवायला लावली. ओवलेले मणी काढून तोलता येत नाहीत, त्यामुळे हा अंदाजच, पण ३.४ ग्रॅमच्या जागी दीड ग्रॅम वजा केलं असतं तर तो फरक या अंदाजातही दिसला असता. हिशेब सोपा जावा म्हणून बावीस कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरला, तर मणी वजा न करण्याची किंमत ३४,००० रुपये होते. हेच मंगळसूत्र पुढे मोडीला नेलं तर तीच पेढी आधी मणी कापून बाजूला ठेवील आणि मगच सोनं तोलील.

लाख भरलेली बोरमाळ किंवा कोल्हापुरी साज घेतानाही हाच प्रश्न विचारायचा असतो : पत्रा किती आणि लाख किती? खड्यांच्या डागात तर खड्यांचं वजन आणि किंमत बिलावर वेगळी आलीच पाहिजे.

मग आली शुद्धता. वाटीच्या मागे भिंगाखाली तीन खुणा दिसल्या : भारतीय मानक ब्यूरोचं त्रिकोणी चिन्ह, 22K916, आणि अक्षरं-आकड्यांचा सहा स्थानांचा एचयूआयडी क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा दागिना या क्रमांकाशिवाय विकता येत नाही. दोन ग्रॅमच्या आतले डाग आणि कुंदन-पोलकी-जडाऊ काम यांना मात्र सवलत आहे. ९१६ म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोनं. मुलीने मोबाइलवर बीआयएस केअर उघडून क्रमांक टाकला. तिथे सराफाची नोंदणी, तपासणी केंद्र, शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार दिसतो. प्रकार वाचायला बहुतेक लोक विसरतात. हातात मंगळसूत्र आणि पडद्यावर अंगठी असेल, तर क्रमांक खरा असला तरी तो या डागाचा नाही. शिक्का शुद्धतेची हमी देतो, वजनाची देत नाही. म्हणून काट्याचं काम त्यावर भागत नाही. शुद्धता कमी निघाली, तर विकलेल्या वजनावर जेवढा फरक येईल त्याच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च ग्राहकाला मिळण्याची तरतूद २०१८ च्या नियमांत आहे. ती मागायला हातात पक्कं बिल लागतं. त्यावर प्रत्येक डागाचं निव्वळ वजन, कॅरेट आणि हॉलमार्कचं शुल्क वेगवेगळं लिहिलेलं हवं. कर वाचवायला साध्या चिठ्ठीवर सौदा करणारा हा हक्क तिथेच सोडून देतो.

शुद्धता आणि भाव यांची सांगड घालणं हे पुढचं काम. भिंतीवरच्या पाटीवर चोवीस आणि बावीस असे दोन्ही भाव असतात. बावीसचा १०,००० असेल तर चोवीसचा साधारण १०,९०० येतो. डाग ९१६ चा आणि बिलात भाव चोवीसचा, असं झालं तर या मंगळसूत्रात १३,६८० रुपये जादा जातात. इथे भाव बरोबर लागला होता.

गोम निघाली वजनाच्या रकान्यात. चिठ्ठीवर १५.२००, आणि कच्च्या हिशेबात १५.६५६! “यात घट धरलीय, तीन टक्के,” मुलगा म्हणाला. ४५६ मिलीग्रॅम सोनं, जे गळ्यात येणार नाही पण ज्याचे पैसे द्यायचे. शिवाय बारा टक्के घडणावळ या वाढवलेल्या वजनावर लावलेली.

घट ही गोष्ट खोटी नाही. तार ओढताना, कानस मारताना, झाळताना, चकाकी देताना सोन्याचा कीस उडतोच. पण तो हवेत विरत नाही. कारागिराच्या पाटाखालची धूळ, राख, हात धुतलेलं पाणीसुद्धा जपून ठेवतात, आणि ती धूळ धुऊन सोनं काढणारे झारेकरी हा महाराष्ट्रातला जुना व्यवसाय आहे. म्हणजे गिऱ्हाईक ज्या घटीचे पैसे देतं, तिच्यातलं बरंचसं सोनं कोणाच्या तरी हाती परत येतं. यंत्रावर निघालेल्या साखळीत तर कीस फारच थोडा पडतो. नाजूक हातकामाला घडणावळ जास्त लागणं पटण्यासारखं आहे. घडणावळ घेऊन वर घट लावणं पटवून द्यावं लागतं.

टक्केवारीचीही एक गंमत आहे. भाव ५,००० असताना याच वजनाच्या डागाची बारा टक्के घडणावळ ९,१२० रुपये झाली असती, आता ती १८,२४० होते. वाट्या तेवढ्याच, कारागिराचे हातही तेवढेच चालतात. म्हणून टक्क्याचा आकडा ऐकला की त्याचे ग्रॅममागे रुपये करून पाहावेत : इथे १,२००. तोच डाग दुसऱ्या पेढीवर विचारायचा तर हा आकडा उपयोगी पडतो.

आईने घट काढायला सांगितली. मुलगा आत जाऊन मालकांना विचारून आला. नवा हिशेब असा झाला : सोनं १,५२,०००, घडणावळ १८,२४०, मिळून १,७०,२४०, त्यावर तीन टक्के जीएसटी ५,१०७, हॉलमार्कचे ४५ रुपये आणि त्यावरचा कर धरून ५३. एकूण १,७५,४००. आधीचा आकडा १,८०,६६१ होता. घटीची एक ओळ गेल्यावर सोनं, त्यावरची घडणावळ आणि दोन्हींवरचा कर असे तिन्ही उतरले.

“मण्यांचं वजनही बिलावर लिहा,” ती म्हणाली. मुलाने बिल छापलं, तर निव्वळ वजन तेवढं आलं होतं. त्याने पेनाने शेजारी ‘काळे मणी ३.४००’ लिहिलं, सही केली, पेढीचा शिक्का मारला. तिने कागद उलटून मागचे बारीक अक्षरातले मोडीचे नियम वाचायला घेतले, आणि रांगेतल्या पुढच्या गिऱ्हाइकाने घड्याळात पाहिलं.